ठसेतज्ज्ञाचा अहवाल: आठ महिने वापरून

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो. आमच्याकडे फौजदारीत ठशांचा पुरावा क्वचितच येतो, पण दिवाणीत अंगठा रोजचाच. इसारचिठ्ठी, वाटणीपत्र, सावकाराची पावती. गेल्या आठ महिन्यांत असे तीन तज्ज्ञ अहवाल हाताळले आणि त्यासाठी ठसे बघायचं पायावर उभं राहणारं भिंगही घेतलं. पहिल्या दोन अहवालांबद्दल तक्रार नाही. ठसे स्वच्छ होते आणि भिंगातून मलाही तेच दिसलं.

तिसरा अहवाल एका आजीच्या वावराचा. इसारचिठ्ठीवरचा अंगठा दाखवला तर म्हणाली, "हा माहा नाही जी, वकीलसाहेब." वादीनं नेमलेल्या तज्ज्ञाचं म्हणणं, खरेदीखतावरच्या कबूल अंगठ्याशी नऊ खुणा जुळतात, माणूस एकच. दोन मोठे फोटो शेजारीशेजारी, लाल रेघा आणि आकडे. बघितल्याबरोबर पटावं असंच ते मांडलेलं असतं.

सातव्या खुणेवर भिंग ठेवलं. कबूल ठशात तिथे रेषेला स्पष्ट फाटा फुटलेला. इसारचिठ्ठीवर त्याच जागी स्टॅम्प पॅडच्या शाईचा नुसता डाग. शेजारचा फोटो आधी बघितल्याशिवाय त्या डागात फाटा दिसणार कसा? वरच्या डाव्या बाजूला तर रेषा निराळ्याच वळणानं जात होत्या, त्याचं कारण दिलं होतं, "अंगठा दोनदा टेकला."

मग एक घरगुती प्रयोग केला. कबूल ठशावर कागद झाकला आणि ज्युनिअरला सांगितलं, फक्त इसारचिठ्ठीवरच्या खुणा मार्क कर. त्याला सहा मिळाल्या, त्यातल्या तज्ज्ञाच्या नऊंपैकी चारच. आम्ही दोघं काही तज्ज्ञ नाही, हा पुरावा नव्हे. पण उलटतपासणीला प्रश्न मिळाले. आधी कोणता ठसा बघितला? "दोन्ही सोबतच." पडताळणी कोणी केली? "सहकाऱ्यानं." तुमचा निष्कर्ष त्यांना माहीत होता? "अहवाल वाचूनच सही केली त्यांनी."

ही खोड आमच्याच भागातली नाही. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटात डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा आहे, असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी सांगितलं. कोर्टानं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानंही दुजोरा दिला. मेफिल्ड दोन आठवडे अटकेत होता. स्पॅनिश पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा सापडला. पुढे चौकशीत निघालं, की मेफिल्डचा ठसा बघून मूळ ठशातल्या काही खुणा 'दिसू' लागल्या होत्या. आणि वरचा न जुळणारा भाग? तोही वेगळ्या स्पर्शाचा म्हणून बाजूला सारलेला. हे वाचताना मला आमचा अहवाल आठवला.

समोरच्या वकिलांचं हत्यार ठरलेलं: १९७९ चा सर्वोच्च न्यायालयाचा जसपाल सिंग निकाल, ज्यात अंगठ्याचं शास्त्र अचूक आणि चुकीला जागा नसलेलं म्हटलंय. २०११ मध्ये एफबीआयच्याच अभ्यासात १६९ तज्ज्ञांना उत्तर आधीच ठाऊक असलेल्या जोड्या दिल्या. वेगळ्या माणसांचे ठसे एकाचे ठरवण्याची चूक सुमारे ०.१ टक्के झाली. एकाच माणसाचे ठसे वेगळे ठरवण्याची मात्र ७.५ टक्के. म्हणजे पहिल्या बाबतीत काम खरंच चांगलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण ही परीक्षा आहे हे तज्ज्ञांना माहीत होतं, आणि इसारचिठ्ठीच्या मागची भांडणं त्यांच्या कानावर नव्हती. त्याच अभ्यासात, तीच जोडी स्वतंत्रपणे बघणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडल्यावर पहिल्या प्रकारच्या सगळ्या चुका उघड झाल्या. अहवाल वाचून केलेल्या सहीला हा गुण नाही.

खुणा नऊ की बारा यावर आता मी वाद घालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच आठ किंवा कमी खुणांवरही मत देता येईल, ते तज्ज्ञानं ठरवावं, असं म्हटलंय, त्यामुळे त्या वादात काही हाती लागत नाही. मी विचारतो ते एवढंच, की त्या खुणा कोणत्या क्रमानं मार्क केल्या.

आजीच्या प्रकरणात सरकारी केंद्राकडून तपासणीचा अर्ज केला. त्यात लिहिलं, आधी वादातला ठसा एकटाच द्यावा, खुणा नोंदवून घ्याव्यात, मग कबूल ठसा द्यावा, आणि दाव्याची हकिकत पाठवू नये. कोर्टानं ते मान्य केलं, हे माझ्यासाठीही नवल. दोन महिन्यांनी उत्तर आलं: वादातला ठसा मत देण्याइतपत स्पष्ट नाही.

आजीला वाचून दाखवलं. वेचणी सोडून ती थेट वावरातून आली होती, बोटांच्या टोकांना कापसाच्या बोंडांनी चिरा पडलेल्या. "मंग तो अंगठा माहा नाही, असंच ना?"

म्हटलं, नाही आजी. तुमचा आहे की नाही, यातलं काहीच त्यांना सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. ती जरा वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत बसली, मग विचारलं, "पुढची तारीख कधीची हाये?"