बाथरूमची उभी लाईन बदलायचीय: जुन्या जागीच बदलू की शेजारून नवी टाकू, आणि पाणीबंदीची नोटीस त्याप्रमाणे कशी लिहू?

सोसायटीत बाथरूमच्या कॉमन लाईन बदलायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो किती दिवस लागणार. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न हा की प्रत्येक घर सलग किती तास कोरडं राहणार, आणि तो आकडा आपण नोटीसमध्ये लिहून पाळू शकतो का. कारण पद्धत कुठली निवडता यावर हा आकडा ठरतो आणि नोटीससुद्धा त्यावरच ठरते, दोन्ही पद्धतींना एकच नोटीस चालत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. बाथरूमच्या डक्टमध्ये उभ्या लाईन दोन जातीच्या असतात, एक गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी पाण्याची लाईन (प्लंबर तिला डाउनटेक म्हणतात) आणि दुसरी सांडपाण्याची. मी इथं पाण्याच्या लाईनबद्दलच बोलतोय, पण नोटीसमध्ये हा फरक लिहिलाच पाहिजे. पाण्याची लाईन बदलताना लोकांनी भरून ठेवलेल्या बादलीनं अंघोळ केली तर काहीच बिघडत नाही, पण सांडपाण्याची लाईन उघडी असताना पाचव्या मजल्यावर कोणी एक बादली ओतली की ती तिसऱ्या मजल्यावर पाइप कापत असलेल्या माणसाच्या डोक्यावर येते. नुसतं 'पाणी बंद राहील' वाचून कोणालाच हे कळणार नाही. तिथं 'बाथरूम वापरू नका, भरलेलं पाणीही ओतू नका' असंच लिहावं लागतं.

आता उदाहरण म्हणून एक विंग घेऊ. सात मजले, ०३ आणि ०४ नंबरच्या फ्लॅटची बाथरूम पाठीला पाठ लावून, मध्ये डक्ट, त्यात एकच जुनी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची लाईन. म्हणजे एका लाईनवर चौदा बाथरूम आणि चौदा कनेक्शन. आतून गंजून पाइपाची वाट अरुंद झालीय, वरच्या मजल्यावर शॉवर नीट चालत नाही, सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं.

पहिली पद्धत म्हणजे जुना पाइप काढायचा आणि त्याच जागी नवा सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप बसवायचा. ऐकायला सोपी आहे आणि डक्ट अरुंद असेल तर दुसरा इलाजच नसतो. पण पहिला तुकडा कापला त्या क्षणापासून शेवटचा जॉइंट वाळेपर्यंत चौदाही घरं कोरडी, मध्येच थांबून संध्याकाळपुरतं पाणी सोडू असं करताच येत नाही. कापणं आणि काढणं यात अर्धा दिवस जातो, मग उभा पाइप, प्रत्येक मजल्यावर टी, दोन्ही बाजूंची कनेक्शन, एका कनेक्शनला वीस-पंचवीस मिनिटं धरली तरी चौदाचे पाच तास झाले. त्यानंतर सोल्युशननं चिकटवलेले जॉइंट वाळायला द्यायचे. हा वेळ पाइपाच्या साइजवर आणि हवेवर असतो, जाड पाइपाला जास्त, थंडीत आणि पावसाळी दमट हवेत अजून जास्त, डब्यावर दिलेला असतो तो पाळायचा. घाईनं पाणी सोडलं की जॉइंट आत्ता धरतो आणि दोन-चार दिवसांनी डक्टमध्ये गळायला लागतो, खालच्या मजल्यावर प्रेशर जास्त असल्यानं बहुतेक तिथूनच सुरुवात होते.

शिवाय जुन्या जीआयचं एक वेगळंच दुखणं आहे. टी काढायला पाना लावला की भिंतीतून बाहेर आलेला निपल, म्हणजे आटेवाला छोटा पाइपाचा तुकडा, आट्यांपाशी तुटतो, मग तो तुकडा काढायला टाइल फोडावी लागते, ते करायला त्या फ्लॅटचं दार उघडं हवं आणि नेमकं तेच घर गावाला गेलेलं असतं. आमच्याकडे पहिल्या लाईनला असंच झालं, नोटीसवर मी स्वतः '१० ते ५' लिहिलं होतं आणि पाणी आलं रात्री अकराला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या घरी तान्हं नातवंड होतं, त्या चार वेळा जिन्यात येऊन विचारून गेल्या आणि दर वेळी मी 'अजून तासभर' सांगत राहिलो. ते मला अजून आठवतं. प्लंबरनं सांगितलेला वेळ हा काही न तुटता काम झालं तरचा वेळ असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी पद्धत म्हणजे जुनी लाईन चालू ठेवून डक्टमध्ये तिच्या शेजारून नवी उभी करायची. वरपासून खालपर्यंत क्लॅम्प मारायचे, प्रत्येक कनेक्शनसाठी फाटा काढायचा आणि प्रत्येक फाट्यावर स्टॉप कॉक बसवून तो बंद ठेवायचा. याला तीन-चार दिवस लागतात, पण त्या दिवसांत सगळ्यांना पाणी असतं. या पद्धतीचा खरा फायदा मला वाटतो तो टेस्टिंगचा. सगळे स्टॉप कॉक बंद करून नवी लाईन भरायची, प्रेशर देऊन गेज लावून ठेवायचं, काटा उतरला तर गळका जॉइंट शोधून परत करायचा, आणि हे सगळं कोणाचंही पाणी बंद न करता होतं. पहिल्या पद्धतीत गळती सापडते तेव्हा चौदा घरं आधीच वैतागलेली असतात.

मग राहतो तो बदलीचा दिवस. जुनी लाईन वरून बंद करायची, खालून रिकामी करायची आणि एकेक फाटा जुन्यावरून कापून नव्यावर घ्यायचा. इथं प्लंबरला एक सांगून ठेवा, जोडणीचे छोटे तुकडे आदल्या दिवशी माप घेऊन, युनियन, म्हणजे पाइप न फिरवता आवळता येणारा आटेवाला जोड, लावून तयार ठेवायचे, म्हणजे त्या दिवशी फक्त आटेवाले जॉइंट घट्ट करायचे राहतात आणि वाळायची वाट बघावी लागत नाही. ज्याचं कनेक्शन झालं त्याचा स्टॉप कॉक उघडला की त्याला लगेच पाणी, बाकीचे होईपर्यंत थांबायची गरज नाही. दोन जोड्या लावल्या तर चौदा कनेक्शन साधारण चार तासांत होतात. एखादा निपल तुटला तर ते एकच घर अडकतं, आणि कुलूप असलेल्या घराचा स्टॉप कॉक बंद ठेवून बाकी लाईन चालू करता येते. फक्त त्यांच्या दारावर आणि फोनवर तसं कळवून ठेवा, नाहीतर आल्यावर नळ कोरडा बघून घाबरतील.

या पद्धतीतही एक छुपी पाणीबंदी आहे आणि ती बहुतेक जण नोटीसमध्ये विसरतात. नव्या लाईनला गच्चीवर पाणी कुठून देणार? टाकीच्या हेडरला, म्हणजे गच्चीवर सगळ्या उभ्या लाईनना पाणी देणाऱ्या आडव्या पाइपाला, जादा तोंड ठेवलेलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर हेडर कापून टी टाकावा लागतो, तेव्हा त्या हेडरवरच्या सगळ्याच लाईन बंद, म्हणजे ज्यांच्या बाथरूमचा या कामाशी संबंध नाही त्यांचंही पाणी जाणार. म्हणून या पद्धतीला नोटीसा दोन, एक अख्ख्या विंगला हेडरच्या कामाची आणि दुसरी फक्त चौदा घरांना.

कुठलीही पद्धत घ्या, तारीख ठरवायच्या आधी गच्चीवर जाऊन त्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. पुरता आवळा आणि सगळ्यात खालच्या मजल्यावरचा नळ उघडा ठेवा. लाईनमध्ये साठलेलं पाणी वाहून धार थांबायला हवी, अर्ध्या तासानंतरही बारीक धार चालूच असेल तर व्हॉल्व्ह धरत नाहीये. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह खूपदा धरत नाही, कधी हातात दांडाच तुटून येतो. मग एका लाईनसाठी अख्खी टाकी रिकामी करावी लागते आणि तुमची चौदा घरांची नोटीस खोटी पडते. आठवडाभर आधी कळलं तर तो व्हॉल्व्ह हेडरच्या कामातच बदलून घेता येतो.

पहिल्या पद्धतीची नोटीस मी आज अशी लिहीन:

'१०३ ते ७०३ आणि १०४ ते ७०४, कॉमन बाथरूम. मंगळवारी सकाळी ९ पासून बुधवारी दुपारी १ पर्यंत या बाथरूमच्या नळांना, शॉवरला आणि फ्लशला पाणी नसेल. किचन आणि दुसऱ्या बाथरूमचं पाणी चालू राहील. सांडपाण्याची लाईन चालू आहे, भरून ठेवलेलं पाणी वापरता येईल. दोन्ही दिवस घरात कोणीतरी थांबावं किंवा चावी कमिटीकडे द्यावी. गीझर बंद ठेवा, सगळे नळ बंद ठेवा.'

आणि दुसऱ्या पद्धतीची अशी:

'१०३ ते ७०३ आणि १०४ ते ७०४, कॉमन बाथरूम. शनिवारी सकाळी १० ते दुपारी ३ पाणी बंद. काम सातव्या मजल्यापासून खाली येईल, तुमचं कनेक्शन झालं की पाणी सुरू होईल. एखाद्या घराचं जुनं कनेक्शन तुटलं तर फक्त त्या घराचं पाणी संध्याकाळपर्यंत बंद राहू शकतं. सांडपाण्याची लाईन चालू आहे. गीझर आणि सगळे नळ बंद ठेवा.'

नळ बंद ठेवायचं मी दोन्हीकडे लिहिलंय कारण पाणी गेल्यावर माणूस नळ फिरवून बघतो, पाणी नाही म्हणून तसाच उघडा सोडून ऑफिसला जातो, आणि पाणी आल्यावर नळ वाहत राहतो. खाली कपडा किंवा मग अडकलेला असेल तर हॉलपर्यंत पाणी.

माझं मत विचाराल तर डक्टमध्ये माणूस उभा राहून दुसरा पाइप बसवू शकत असेल तर दुसरीच पद्धत घ्या, मजुरीचे दिवस वाढले तरी. घरात कोणी आजारी असेल, तान्हं बाळ असेल, त्यांना पाच तास सांभाळता येतात, दीड दिवस अवघड जातो. डक्टमध्ये जागाच नसेल तर पहिली घ्या, पण एका वेळी एकच लाईन उघडा आणि नोटीसमध्ये रात्रीचा वेळ धरूनच लिहा. सगळ्या लाईन एकदम काढून 'एकदाच काय तो त्रास' करू म्हणणारे मीटिंगमध्ये भेटतात, त्यांना एवढंच विचारा की आज शेजारच्या लाईनवरच्या घरी जाऊन अंघोळ करता येते, त्या दिवशी कुठं जाणार.

पाणी परत सोडताना गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि सातव्या मजल्यावरचा एक नळ उघडा ठेवून तिथं माणूस उभा करायचा, म्हणजे लाईनमधली हवा निघून जाते, नाहीतर खाली धाडधाड आवाज येऊन जॉइंटला धक्का बसतो. घरांना सांगा की पहिलं पाणी खालच्या बादलीच्या नळातून सोडा, शॉवर आणि वॉशिंग मशीनला नंतर. नवा पाइप असला तरी भिंतीतला तुकडा जुनाच असतो, धक्क्यानं त्यातला गंज सुटतो आणि जाळीत जाऊन बसतो. पाणी स्वच्छ येऊन गरम पाण्याच्या नळालाही धार लागली की मगच गीझर चालू.

आणि लिफ्टशेजारची नोटीस काढून टाकायच्या आधी तिथंच चौदा फ्लॅटचे नंबर लिहिलेला कागद लावा, 'पाणी आलं, गळती नाही' म्हणून प्रत्येकाची सही. आमच्याकडे दुसऱ्या लाईनला तेरा सह्या संध्याकाळी झाल्या, चौदावी दोन दिवस आली नाही म्हणून वरती बघायला गेलो तर त्यांच्या बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये युनियनखाली थेंब थेंब पडत होतं.