वरून आणलेलं पत्र की स्वतः लिहिलेलं? सर्वेक्षणासाठी सरपंचांकडे जाताना

यवतमाळ-वर्धा भागातल्या गावात घरोघरी सर्वेक्षण करायचं असेल तर आत शिरायच्या दोन वाटा आहेत. एक, पंचायत समितीतून गटविकास अधिकाऱ्यांचं 'सहकार्य करावे' असं पत्र काढून ग्रामपंचायतीत द्यायचं. दुसरी, संस्थेच्या लेटरहेडवर सरपंचांच्या नावे स्वतः पत्र लिहून हातात नेऊन द्यायचं. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे.

वरच्या पत्रानं काम लवकर होतं, हे मान्य करावंच लागेल. ग्रामसेवक भेटला की तो फार प्रश्न विचारत नाही, घरांच्या यादीसाठी नमुना 8 ची नोंदवही काढून देतो, सोबत शिपाईही देतो. स्वतःच्या पत्राला बहुधा दोन फेऱ्या पडतात. सरपंच सकाळीच वावरात गेलेले असतात आणि ग्रामसेवकाकडे दुसऱ्याही गावाचा कारभार असतो.

तरी माझं मन दुसऱ्या वाटेकडे वळलं ते एका गावातल्या अनुभवामुळे. तिथे आम्ही 60 घरं निवडली होती आणि पत्र वरचं होतं. आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून पुकारा झाला, "पंचायत समितीचा सर्व्हे येऊन राहिला, आधार कार्ड घेऊन घरीच थांबा." सकाळी पहिल्याच घरात एका आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून आधार, रेशनकार्ड आणि पासबुक काढून माझ्यापुढे मांडलं. "घरकुलात नाव घ्या जी," म्हणाल्या. जनावरं किती, असं विचारल्यावर "काहीच नाही जी." मागच्या कोठ्यातून बैलांच्या घंट्या ऐकू येत होत्या. पुढच्या घरातही तेच झालं. त्या दिवशी एका गल्लीतल्या 14 फॉर्ममध्ये बैलजोडी एकाच घरात निघाली आणि संध्याकाळी त्याच गल्लीत परतणाऱ्या जोड्या मी सहा मोजल्या.

यात लोकांचं काही चुकलं नाही. घरकुलाच्या निकषांत अनेक वर्षं फ्रिज किंवा दुचाकी असलेलं घर बाद होत असे. सरकारी कागद घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे काय काय आहे ते सांगू नये, हे गाव अनुभवातून शिकलेलं आहे. पण आम्हाला तर मालमत्ता आणि कर्ज यांचीच माहिती हवी होती. ती गल्ली पुन्हा करावी लागली आणि दुसऱ्या वेळीही उत्तरं पूर्ण मोकळी झाली नाहीत. एकदा बसलेला समज आठवड्यात निघत नाही.

तेव्हापासून मी स्वतःच पत्र लिहितो, एक पानाचं. विषयात 'कुटुंब सर्वेक्षणास परवानगी व सहकार्य मिळणेबाबत' असं लिहितो. पहिल्या परिच्छेदात कोण, कुठल्या तारखांना, किती जण आणि किती घरं. त्यानंतरचं वाक्य ठळक करतो: 'या सर्वेक्षणाचा घरकुल, कर्जमाफी किंवा कोणत्याही शासकीय योजनेशी संबंध नाही. आधार क्रमांक, बँक खाते अथवा सही-अंगठा घेतला जाणार नाही.' मग मागण्या फक्त तीन: नमुना 8 पाहू द्यावा, वस्त्या दाखवायला एक माणूस द्यावा आणि सोबत जोडलेला मजकूर जसाच्या तसा भोंग्यावर वाचावा. पुकाऱ्याचे शब्द आपणच लिहून द्यावेत, कारण गाव पत्र वाचत नाही, भोंगा ऐकतं. घरांची निवड आम्हीच करू, हेही लिहितो. नाहीतर वाट दाखवणारा आपल्याच माणसांच्या घरी फिरवतो. यादीही डोळे झाकून घेऊ नये. नमुना 8 मध्ये घर एक दिसतं आणि आत चुली दोन असतात. अतिक्रमणावरची वस्ती कधी कधी त्यात येतच नाही, म्हणून एक फेरी पायी मारावी.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊन पोच ठेवावी. पोलीस पाटलांनाही प्रत द्यावी. सरपंच ताई असतील तर पत्र त्यांच्याच हातात द्यावं. कारभार यजमान पाहत असले तरी दोघांसमोर बोलावं. बायकांकडून माहिती घेताना "ताईंनी सांगितलं आहे" हा शब्द फार कामी येतो. मात्र सरपंचांची परवानगी म्हणजे घराचा होकार नव्हे. तो प्रत्येक दारात वेगळा विचारावा लागतो आणि "नाही" म्हणणाऱ्याचं नाव पंचायतीत सांगायचं नसतं.

तुमची प्रश्नावली अंगणवाडी, शाळा, पाणी अशा सोयींपुरती असेल, गावं तीस-चाळीस असतील आणि दिवस कमी असतील, तर वरचं पत्र घ्या, त्यात काही बिघडत नाही. जमीन, जनावरं, कर्ज किंवा उत्पन्न विचारायचं असेल तर मी तरी दोन फेऱ्या जास्त मारीन. वरचं पत्र काढलं असेलच तर पिशवीत राहू द्या. सरपंचांनी मागितलं तर दाखवा, पण भोंग्यापर्यंत जाऊ देऊ नका.