अकरा हप्ते आपले, बारावा सराफाचा: त्या बाराव्याचं बिलात काय होतं

सोन्याची भिशी, सुवर्ण संचय, अकरा महिन्यांची योजना. प्रत्येक पेढीवर नाव वेगळं, गणित बहुधा एकच. ठरलेली रक्कम अकरा महिने भरायची, बारावा हप्ता सराफ घालतो आणि जमलेल्या पैशांचा दागिना घ्यायचा. जून २०२४ मध्ये मी आणि माझी मावशी दोघींनी अशा एका योजनेत महिना पाच हजार रुपये भरायला सुरुवात केली. माझं नुकसान थोडक्यात आटोपलं. मावशीचे पैसे अजून अडकलेले आहेत. पेढीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय कार्डाच्या मागच्या ज्या अटींनी आम्हाला घोळात घेतलं, तशा अटी इतर पेढ्यांच्या कार्डांवरही सापडतात.

योजना मुळातच खोटी असते असं नाही. पाच हजारांचे अकरा हप्ते म्हणजे पंचावन्न हजार. पहिला हप्ता सराफाकडे अकरा महिने राहतो, शेवटचा एकच महिना, म्हणजे सरासरीने पैसे सहा महिने राहतात. सहा महिन्यांसाठी पंचावन्न हजारांवर पाच हजार मिळाले, तर ते वर्षाला अठरा टक्क्यांच्या घरात जातं. कुठलीही बँक आवर्ती ठेवीवर एवढं देत नाही. सराफाला ते परवडतं, कारण त्याला बिनव्याजी भांडवल मिळतं, गिऱ्हाईक वर्षभर बांधलं जातं आणि दागिन्याच्या मजुरीत त्याचा नफा असतोच. म्हणून पाहायचं ते इतकंच, की ते पाच हजार खरंच मिळतात का आणि बिलातल्या कुठल्या ओळीतून मिळतात.

आम्हाला काउंटरवरचा माणूस म्हणाला होता, "ताई, दर महिन्याला तुमचं सोनं जमा होत जाईल." कार्डावर मात्र जमा होत होते ते रुपये. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि २०२४-२५ मध्ये ते फारच दिसलं. आम्ही सुरुवात केली तेव्हा बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला ६,६५० रुपयांच्या आसपास होता. मुदत संपली तेव्हा, मे २०२५ मध्ये, तो ८,९०० च्या घरात पोचला होता. ग्रॅमच्या योजनेत प्रत्येक हप्ता त्या दिवशीच्या भावाने सोन्यात मोजला जातो. जूनमध्ये पाऊण ग्रॅम जमा झालं असतं, एप्रिलमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. मी महिन्यांचे साधारण भाव घेऊन बेरीज केली, ती ७.६ ग्रॅम आली. रुपयांच्या योजनेत सगळा हिशोब शेवटच्या दिवसाच्या भावाने होतो. बारावा हप्ता पूर्ण मिळाला असं धरलं, तरी साठ हजारांत ६.७४ ग्रॅमच येतं. पाच हजारांचा बोनस हातात पडूनही ग्रॅमवाल्यापेक्षा पाऊण ग्रॅमहून जास्त सोनं कमी!

भाव उतरत्या वर्षी हेच उलटं होईल, रुपयांवाला फायद्यात राहील. त्यामुळे एकच प्रकार चांगला असं मी म्हणत नाही. पण लग्नासाठी जमवणारी बरीच माणसं भाववाढीच्या भीतीनेच योजनेत शिरतात, आणि रुपयांच्या योजनेत त्या भीतीवर काहीच उपाय नसतो. कार्डावर दर हप्त्यासमोर वजनाचा रकाना आहे का, ते बघा. रकाना नसेल तर काउंटरवर कोणी काहीही म्हणो, तुमचे रुपयेच जमा होत आहेत.

मुदत संपल्यावर मी नाणं मागितलं. नाण्यावर आणि वेढणीवर योजना लागू नाही, फक्त दागिना घ्यावा लागेल, असं उत्तर मिळालं. हे कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. मग सात ग्रॅमचं एक साधं गंठण निवडलं. तेव्हा दुसरी अट पुढे आली, की बारावा हप्ता म्हणजे रोख जमा नाही, तो मजुरीवरची सूट म्हणूनच मिळतो, तेही अमुक टक्क्यांच्या वर मजुरी असलेल्या नगांवर.

ते बिल इथे मांडते, कारण सगळी गंमत त्यात आहे. सात ग्रॅम सोन्याचे ६२,३०० रुपये. मजुरी अठरा टक्के, म्हणजे ११,२१४. त्यातून पाच हजारांची सूट. उरलेल्या ६८,५१४ वर तीन टक्के जीएसटी. एकूण ७०,५६९. त्यातले पंचावन्न हजार आधीच भरलेले, उरलेले साडेपंधरा हजार जागेवर द्यायचे. बिल बघून वाटतं, बोनस मिळाला की.

गंठण घेण्याआधी मी वीस पावलांवरच्या दुसऱ्या सराफाकडे गेले. तिथे तशाच घडणीच्या, तेवढ्याच वजनाच्या गंठणाला मजुरी बारा टक्के होती. योजना नाही, सूट नाही, रस्त्यावरून आत आलेलं गिऱ्हाईक. बिल आलं ७१,८६९. म्हणजे अकरा महिने पैसे गुंतवून मला मिळालेला खरा बोनस १,३०० रुपये. तेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरले असते, तर व्याजच अठराशेच्या आसपास झालं असतं आणि दागिना कुठूनही घ्यायची मोकळीक राहिली असती. मी गंठण घेतलं, कारण पैसे परत मागितले तर बोनस रद्द, आणि परतावा "व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार" असं लिहिलेलं होतं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोनही केला. अटी छापलेल्या आणि आमचं आश्वासन तोंडी. पुढे फार काही झालं नाही.

मावशीचं प्रकरण मात्र वेगळ्या वाटेने गेलं. तिला दागिना लगेच नको होता, लेकीच्या लग्नाला वेळ होता. मॅनेजर म्हणाला, "काकू, आत्ता घेऊन कपाटातच ठेवणार ना? त्यापेक्षा साठ हजार आमच्याकडेच राहू द्या, वर्षाला पंधरा टक्के लावतो, लग्नाच्या वेळी एकदमच मोठा दागिना घ्या." मावशीने ऐकलं. जुनं कार्ड जमा करून घेतलं गेलं आणि पेढीच्या लेटरहेडवर एक कागद मिळाला. दिवाळी झाल्यावर दुकानाला आधी "स्टॉक टेकिंग"ची पाटी लागली, नंतर कुलूप.

या योजना अकरा महिन्यांच्याच का असतात, याचं उत्तर इथे आहे. कंपन्यांनी ठेवी घेण्याबाबतचे जे नियम २०१४ मध्ये आले, त्यांनुसार मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांच्या आत मालात वळता झाला तर तो ठेव धरला जात नाही. त्यापलीकडे गेला की ठेवींचे कडक नियम लागतात. म्हणून पूर्वीच्या दोन-तीन वर्षांच्या भिश्या मोठ्या पेढ्यांनी बंद केल्या. मुदत संपल्यावर सराफच "राहू द्या, व्याज देतो" म्हणायला लागला, तर तो मालाचा आगाऊ पैसा सोडून थेट ठेव मागतोय, आणि परवानगीशिवाय अशा ठेवी गोळा करायला २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीच्या कायद्याने मनाई आहे. शिवाय ज्याला बँक कर्ज देते तो पंधरा टक्क्यांनी लोकांकडून पैसे कशाला घेईल? त्याला दुसरीकडून मिळेनासे झालेले असतात.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सराफाकडच्या हप्त्यांना काहीच नसतो. रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख करत नाही. पेढी बुडाली तर तारण घेऊन कर्ज दिलेली बँक पुढे आणि हप्तेवाले मागे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गुडविन ज्वेलर्सची दुकानं अचानक बंद झाली, तेव्हा डोंबिवली-ठाण्यात सोन्याच्या योजनेतले आणि मुदत ठेवीतले असे दोन्ही प्रकारचे लोक पोलीस ठाण्यात धावले होते. शोरूम मोठी आहे, जाहिरात टीव्हीवर येते, यावरून पैसे सुरक्षित आहेत असं काहीच कळत नाही.

योजनेत जायचंच असेल तर पहिला हप्ता भरण्याआधी दुकानात एक काम करून घ्या. तुम्हाला हवा तसा नग समोर ठेवा आणि त्याची आजच्या भावाने दोन बिलं कागदावर मांडायला सांगा, एक मुदत संपलेल्या सभासदाचं आणि एक साध्या गिऱ्हाइकाचं. सोन्याचा भाव, मजुरीचे टक्के, सूट, जीएसटी, सगळं वेगवेगळ्या ओळीत. मग तसाच नग शेजारच्या पेढीत विचारा. फरक एका हप्त्याच्या जवळपास आला तर बोनस खरा. दुकानदार असं बिल मांडायला टाळाटाळ करायला लागला, तर त्याचं उत्तर मिळालंच. त्याच वेळी विचारून घ्यायचं, की हप्ता एक-दोन दिवस चुकला तर बोनस पूर्ण जातो का, आणि मुदतीनंतर किती दिवसांत दागिना घ्यावा लागतो. आमच्या कार्डावर ही मुदत तीस दिवस होती आणि ती कोणी तोंडाने सांगितली नव्हती. दागिना घेताना त्यावरचा सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो, तो बिलावरच्या वर्णनाशी जुळवून बघा.

मावशीची तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडे गेली आहे, ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या राज्याच्या कायद्याखाली. त्यात मालमत्ता जप्त करून विकता येते, पण न्यायालयातून पैसे हातात यायला वर्षं लागतात. तिथल्या साहेबांनी पहिल्यांदा मागितली ती मूळ कार्डं आणि पावत्या. मावशीचं कार्ड पेढीने काढून घेतलेलं. जे हप्ते तिने यूपीआयने पेढीच्या चालू खात्यात भरले होते, ते बँकेच्या उताऱ्यावरून सिद्ध झाले. दोन हप्ते मात्र वसुलीला येणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या नंबरवर पाठवले होते. ते पेढीला मिळालेच नाहीत, असं आता पेढीचा वकील म्हणतोय. रोखीच्या हप्त्यांच्या पावत्या तर कच्च्या, त्यावर ना जीएसटी क्रमांक ना शिक्का. माझ्या फोनमध्ये तिच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा एक जुना फोटो निघाला, तो छापून आम्ही अर्जाला जोडला आहे.