ईटीएफचा भाव आणि एनएव्ही: आठ महिने शेजारीशेजारी मांडून पाहिल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी तीन ईटीएफ घेतले, म्हणजे ज्यांची युनिट्स बाजारात शेअरसारखी घेता-विकता येतात असे फंड. एक इथल्याच बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, दुसरा आपण झोपलेलो असताना जिथला बाजार चालतो अशा परदेशी शेअर्सचा आणि तिसरा कंपन्यांच्या कर्जरोख्यांचा. परतावा किती मिळाला हे मी इथे लिहिणार नाही, कारण तो त्या त्या बाजाराचा असतो. मला वेगळीच गोष्ट पाहायची होती. बाजारात मी जो भाव देते तो फंडाच्या पोटातल्या मालाच्या किमतीला खरंच धरून असतो का, आणि असतो तर त्याला तिथे धरून कोण ठेवतं? त्यासाठी मी एक वही केली. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी तीन आकडे लिहायचे: बाजार बंद होतानाचा भाव, त्या दिवशीची एनएव्ही म्हणजे एका युनिटमागे येणारी पोटातल्या मालाची किंमत, आणि फंडाची एकूण किती युनिट्स बाहेर आहेत तो आकडा. हा तिसरा आकडा मी आधी सहज म्हणून लिहायला घेतला होता. पुढे तोच सगळ्यात जास्त बोलका निघाला.

पहिल्या फंडाची पानं चाळली तर काहीच घडत नाही असं वाटतं. भाव आणि एनएव्हीत शेकडा ०.०५, कधी ०.१२ इतकाच फरक. पण हा फरक शून्य का होत नाही, आणि ०.५ सुद्धा का होत नाही, हे कळायला मला दोन महिने लागले. तेच नीट सांगते.

ईटीएफची युनिट्स तुम्ही-मी फंडाकडून घेत नाही, आपण ती बाजारात एकमेकांकडून घेतो. थेट फंडाच्या दाराशी जाऊ शकतात ते ऑथराइज्ड पार्टिसिपंट, म्हणजे फंडाशी करार केलेल्या मोठ्या दलाली संस्था. बोलताना सगळे त्यांना एपी म्हणतात. एपीला एक-दोन युनिट्स मिळत नाहीत, ठरलेला मोठा गठ्ठाच घ्यावा किंवा द्यावा लागतो. समजा गठ्ठा ५०,००० युनिट्सचा आहे. फंड रोज सकाळी यादी जाहीर करतो: एका गठ्ठ्यासाठी अमुक कंपनीचे इतके शेअर्स, तमुक कंपनीचे इतके, आणि हिशेब जुळवायला थोडी रोकड. ही टोपली एपीने फंडाला दिली की फंड नवीन युनिट्स तयार करून देतो. एपीने युनिट्सचा गठ्ठा परत केला की फंड टोपली परत देतो आणि ती युनिट्स रद्द होतात.

आता एक दिवस धरू. टोपलीच्या हिशेबाने एका युनिटची किंमत २०० आहे. सकाळी खरेदीचा रेटा आला आणि बाजारात युनिट २००.९० ला जाऊ लागलं. एपी लगेच ५०,००० युनिट्स विकतो, हातात नसली तरी विकतो, आणि त्याच क्षणी टोपलीतले शेअर्स विकत घेतो. विक्रीचे त्याला १,००,४५,००० मिळाले, टोपलीला १,००,००,००० लागले. संध्याकाळी तो टोपली फंडाला देतो, नवीन युनिट्स घेतो आणि सकाळी विकलेली युनिट्स त्यातून पुरी करतो. मधला फरक ४५,०००. यातून खर्च वजा करायचा. शेअर्स घेताना खरेदी आणि विक्रीच्या भावातली फट सोसावी लागते, ती धरू ५,०००. कर आणि दलाली ४,०००. फंड दर व्यवहाराला ठरावीक शुल्क घेतो, ते १,०००. एकूण १०,००० गेले, ३५,००० उरले.

मात्र त्याच्या विक्रीने युनिटचा भाव खाली येतो आणि खरेदीने शेअर्सचे भाव किंचित वर जातात. दुसरे एपीही हेच करत असतात, त्यामुळे फट मिनिटागणिक आवळत जाते. ती कुठे थांबते? खर्च १०,००० म्हणजे दर युनिटला २० पैसे. भाव २००.२० वर आला की पुढचा गठ्ठा करण्यात कुणालाच काही मिळत नाही. उलट बाजूला भाव घसरला तर एपी युनिट्स विकत घेऊन परत करतो आणि मिळालेली टोपली विकतो. तिकडचा खर्चही तेवढाच धरला तर १९९.८० पर्यंत त्यालाही हालचालीचं कारण नाही. म्हणजे भाव एनएव्हीला चिकटलेला नसतो. तो या दोन कडांमध्ये मोकळा फिरतो, आणि कडा किती दूर असतील हे एपीचा खर्च ठरवतो. माझ्या वहीतले ०.०५ आणि ०.१२ अशाच पट्ट्याच्या आसपासचे आकडे आहेत. त्यांना मी आता चूक समजत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. हा सगळा व्यवहार माल देऊन माल घेण्याचा असेल तर फंडाला स्वतः बाजारात जाऊन काही विकावं किंवा घ्यावं लागत नाही. आत येणाऱ्याचा आणि बाहेर जाणाऱ्याचा खर्च त्यांचा तेच सोसतात, शांत बसून राहिलेल्या धारकाच्या अंगावर तो येत नाही. तसंच, रोज गठ्ठे होतातच असंही नाही. आपण दार कधीही वापरू शकतो हे भाव लावणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो आधीच टोपलीच्या जवळचा भाव लावतो. कित्येक आठवडे माझ्या वहीत युनिट्सचा आकडा तसाच राहिला आणि तरी भाव जागेवर होता.

परदेशी शेअर्सच्या फंडात माझं नुकसान झालं, आणि ते मीच करून घेतलं. दुसऱ्या महिन्यात बाजार उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्यायची ऑर्डर. नंतर पाहिलं तर स्क्रीनवरच्या आयएनएव्हीपेक्षा १.८ टक्के जास्त मोजले होते. आयएनएव्ही म्हणजे टोपलीची दिवसभर चालणारी अंदाजी किंमत, बऱ्याच बाजारांत ती दर १५ सेकंदांनी बदलते. मी चिडून फंडाला दोष दिला. पण तिकडचा बाजार तेव्हा बंद होता. आयएनएव्ही आदल्या रात्रीच्या बंद भावांवर उभी होती, आणि रात्रीनंतर तिकडच्या फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांमध्ये, तेजी आली होती. भाव लावणारे ताज्या अंदाजाने चालले होते, आकडा शिळा होता. दुसऱ्या दिवशीची एनएव्ही सुमारे १.३ टक्के वर आली. म्हणजे माझ्या १.८ मधला मोठा भाग खराच होता. उरलेला अर्धा टक्का मी घाईपायी दिला: टोपली त्या क्षणी विकत घेता येत नाही, जोखीम झाकायला फ्युचर्स वापरावे लागतात, म्हणून एपीच्या कडा मुळातच दूर असतात, आणि सकाळी पहिल्या मिनिटांत तर आणखी दूर.

तेव्हापासून वहीत चौथा रकाना आला. फट मिटली तेव्हा कोण हललं, भाव की एनएव्ही? भाव एनएव्हीकडे आला तर चूक भावाची होती. एनएव्ही भावाकडे आली तर भाव आधीच बरोबर होता.

रोख्यांच्या फंडात हा रकाना नसता तर मी घाबरून विकून बसले असते. शेअर्ससारखे सगळे रोखे रोज हात बदलत नाहीत, काहींचा व्यवहार कित्येक आठवड्यांतून एकदा होतो. त्यामुळे रोख्यांच्या फंडाची एनएव्ही बरीचशी अंदाजाने लावलेल्या भावांवर बेतलेली असते. बाजार शांत असेल तर हे जाणवत नाही. मार्च २०२० मध्ये ते साऱ्या जगाने पाहिलं. अमेरिकेतला एलक्यूडी हा चांगल्या पतीच्या कंपनीरोख्यांचा मोठा फंड तेव्हा एनएव्हीच्या सुमारे ५ टक्के खाली गेला. फट उघडी दिसत असताना एपी ती लगेच उचलत का नव्हते? युनिट्स परत केली तर हातात रोखे येतात, आणि ते रोखे एनएव्हीत लिहिलेल्या भावाला घेणारा कुणी नव्हता. खर्चाची कड ०.१ वरून कित्येक टक्क्यांवर गेली होती. शिवाय एपीवर गठ्ठा करण्याची सक्ती नसते. परवडलं तरच तो करतो. २३ मार्चला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने कंपनीरोखे आणि त्यांचे ईटीएफही घेऊ असं जाहीर केलं आणि भावातली ही सूट, म्हणजे एनएव्हीखालची फट, झपाट्याने गेली. माझ्या फंडात पाचव्या महिन्यात एका वाईट आठवड्यात ०.९ टक्क्यांची सूट दिसली. पुढच्या चार दिवसांत भाव जवळपास जागेवरच राहिला, एनएव्ही खाली आली.

दार मुळातच बंद असेल तर काय होतं, याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ग्रेस्केलच्या बिटकॉइन ट्रस्टचं आहे. पोटात फक्त बिटकॉइन, किंमत क्षणोक्षणी सगळ्यांना माहीत, आणि तरीही डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा भाव आतल्या मालाच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता, कारण युनिट देऊन बिटकॉइन परत घेण्याची सोय नव्हती. स्वस्तात घेऊन रद्द करायला कुणाला जागाच नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये तो ईटीएफ झाला, परतीचं दार उघडलं, आणि बदलाची शक्यता दिसू लागल्यापासून आवळत आलेली सूट जवळपास संपली. माल तोच, ठेवणारे तेच, फरक फक्त दाराचा.

म्हणून कुठलाही ईटीएफ घेण्याआधी मी आता युनिट्सचा आकडा पाहते. भाव आठवडेच्या आठवडे एनएव्हीच्या वर आहे आणि युनिट्स मात्र एकानेही वाढत नाहीत, असं दिसलं तर नवीन युनिट्स करणं कुठेतरी अडलेलं आहे. मर्यादा लागली असेल किंवा फंडाने नवे गठ्ठे थांबवले असतील. अशा वेळी दिलेली जास्तीची किंमत दार पुन्हा उघडताच बुडते, त्यामुळे मी त्या फंडाकडे फिरकत नाही. वर भाव आणि पाठोपाठ वाढलेली युनिट्स, हे मला चालतं.

ऑर्डर मी आता लिमिट, म्हणजे ठरवलेला भाव, लावूनच टाकते, उघडल्यावर अर्धा तास आणि बंद होण्याआधी अर्धा तास सोडून. परदेशी फंडासाठी आयएनएव्हीच्या जोडीला तिकडचे फ्युचर्स कुठे आहेत ते बघते. मागच्या आठवड्याची नोंद पहिल्या फंडाची: भाव ०.१४ टक्के वर, आणि दुसऱ्या दिवशी युनिट्स बरोबर ५०,००० ने वाढलेली.