बोर्ड सोळाचा, टॉप सहाचा: सांगलीत ७८० रुपयांना फसलो

गणपती पेठेतून ७८० रुपयांना एक्स्टेन्शन बोर्ड आणला. खोक्यावर ठळक छापलेलं: १६ अँपिअर, शुद्ध तांबं, किचनसाठी खास. दोन मोठी सॉकेटं. एकात १८०० वॅटची इंडक्शन, दुसऱ्यात १५०० वॅटची किटली. अकराव्या दिवशी बोर्डाच्या वायरीचा प्लग, म्हणजे टॉप, भिंतीतल्या सॉकेटातच वितळून चिकटला.

आठवलं की अजून जीव जळतो. दुकानातच वायर उलगडली होती आणि टोकाला बारीक पिनांचा, सहा अँपिअरचा टॉप डोळ्यांसमोर होता. बोर्डावर सॉकेट कितीही मोठं असो, सगळा करंट त्या एका टॉपातूनच जाणार. ३३०० भागिले २३०, म्हणजे १४ अँपिअरच्या वर. विचारलंही होतं. "अहो दादा, कंपनीनंच दिलाय, काही होत नाही." छापलेल्या सोळावर विश्वास ठेवला, यात माझा काय गुन्हा?

नंतर बोर्ड उघडला. वायर ब्लेडनं खरवडली तर वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं अॅल्युमिनिअम. सॉकेटातल्या पट्ट्या चुंबकाला चिकटल्या, म्हणजे लोखंड. पितळ चिकटत नाही. लोखंडी पट्टीची पकड लवकर सैल होते आणि पिन जेमतेम टेकते. सगळा करंट जिथून जातो त्या भिंतीतल्या टॉपाशी अशा टेकण्यात ०.१ ओहम रोध आला, तरी १४ अँपिअरला जवळपास २० वॅट उष्णता उडदाएवढ्या जागेत तयार होते. तापली की पट्टी आणखी सैल, वर काळा थर, रोध वाढला, आणखी ताप. एमसीबी का पडला नाही, असं सगळे विचारतात. तो सोळाचा होता आणि करंट चौदा. सैल जोड त्याला दिसतच नाही.

इंडक्शनची जळालेली वायर ४५० रुपये, नवं सॉकेट आणि वायरमन ६२०. बोर्ड धरून १,८५० गेले. दुकानदार म्हणतो, लोड तुम्ही जास्त टाकला. तक्रारीच्या कार्यालयात गेलो तर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे चिठ्ठी. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये. जळका टॉप पिशवीतून काढून दाखवला, तर कोणी हातात धरून पाहिलाही नाही. घराला आग लागली असती तर पंचनामा करायला मात्र सगळे आले असते!

पक्क्या बिलाशिवाय बोर्ड घेऊ नका. आयएसआय खुणेजवळचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर अॅपवर तिथंच तपासा. किटली, इंडक्शन, ओव्हन एका बोर्डावर कधीच नको. प्रत्येकाला भिंतीत स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट, मागं २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. मोठा टॉप छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर आजच काढून टाका. वीस मिनिटं वापरल्यावर बटण बंद करून टॉप काढा आणि बोट लावून पाहा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर ते सॉकेट बदला. आणि एकदा तपकिरी पडलेल्या सॉकेटात नवा टॉप घालू नका, तोही जळतो.