गुडघ्यासाठी हळद: दूध, साधी गोळी की मिरीवाली गोळी?

माझी मावशी ६४ वर्षांची आहे. गुडघ्याची झीज झाली आहे, जिना उतरताना जास्त दुखतं. तिच्यापुढे तीन पर्याय होते: रात्रीचं हळदीचं दूध, कर्क्युमिनची साधी गोळी, किंवा मिऱ्याचा अर्क घातलेली गोळी. तिन्हींत हळदीतलं कर्क्युमिन हे एकच द्रव्य आहे, फरक आहे तो त्यातलं किती रक्तापर्यंत पोचतं याचा. तिच्यासाठी मी जो हिशेब मांडला तोच इथे देतो.

आधी कर्क्युमिन पेशीत काय करतं ते पाहू. पेशीत 'एनएफ-कप्पा-बी' नावाचं प्रथिन असतं. एरवी ते केंद्रकाबाहेर असतं, कारण 'आय-कप्पा-बी' नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. दाह पेटवणारा संदेश बाहेरून आला की एक एन्झाइम त्या पहारेकऱ्यावर फॉस्फेटची खूण करतं. खूण झालेला पहारेकरी पेशी मोडून टाकते, आणि मोकळं झालेलं प्रथिन केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं. त्यांतूनच वेदना वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांसाठी लागणारं कॉक्स-२ हे एन्झाइम बनतं, आणि दाह आणखी पसरवणारे नवे संदेशही. कर्क्युमिन ही साखळी खूण होण्याच्या पायरीवरच अडवतं. पहारेकरी टिकतो, त्यामुळे जनुकं चालूच होत नाहीत. आयबुप्रोफेन बनलेल्या कॉक्सचं काम थांबवतं. कर्क्युमिन ते बनण्याच्या आधी हात घालतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सिंग आणि अगरवाल यांनी मानवी पेशींवर हे दाखवलं आणि तिथून कर्क्युमिनची कीर्ती पसरली.

पण ते पेशींवर थेट ओतलेलं कर्क्युमिन होतं. अशा प्रयोगांत सहसा ५ ते ५० मायक्रोमोलर इतकी तीव्रता वापरतात. मधली १० मायक्रोमोलर घेतली तर दर मिलिलिटरला सुमारे ३.७ मायक्रोग्रॅम होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी तुलना याच्याशीच आहे.

दूध घेऊ. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के असतं. वायगावच्या हळदीत याहून बरंच जास्त मिळतं, पण बाजारातली सर्वसाधारण पूड धरू. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद घातली तर कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅम. दुधातल्या स्निग्धांशात ते थोडं विरघळतं, हे खरं आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून फोडणीत किंवा दुधात हळद घालण्याला अर्थ आहे. तरी गुडघ्यासाठी ४५ मिलिग्रॅम फारच थोडे आहेत. का, ते गोळीचे आकडे पाहिले की कळतं.

बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन एकदम दिलं. दुधातल्यापेक्षा चाळीसपटीहून जास्त. तरी रक्तात ते एक तर सापडलंच नाही, किंवा मिलिलिटरला जेमतेम ०.००६ मायक्रोग्रॅम निघालं. म्हणजे आपल्या ३.७ च्या सहाशेव्या हिश्श्याएवढं. बाकीचं गेलं कुठे? बरंचसं न विरघळता शौचावाटे निघून जातं. जे आतड्याच्या अस्तरात शिरतं त्याला तिथली आणि मग यकृतातली एन्झाइमं लगेच ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात. अशी जोडणी झालेलं कर्क्युमिन पाण्यात सहज विरघळतं आणि शरीराबाहेर टाकायला सोपं जातं. मोकळ्या कर्क्युमिनसारखं दाहाला अडवण्याचं बळ मात्र त्यात राहत नाही.

आता तिसरा पर्याय. त्याच प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य दिलं. शरीराला मिळालेलं एकूण कर्क्युमिन २० पट झालं. गोळीच्या डब्यावरचे '२००० टक्के' आले ते इथूनच, आणि आकडा खोटा नाही. पण वीसपट कशाच्या, हे डब्यावर नसतं. रक्तातली सर्वोच्च पातळी मिलिलिटरला ०.१८ मायक्रोग्रॅमच्या आसपास गेली, म्हणजे ३.७ च्या विसाव्या हिश्श्याएवढी, आणि वाढ दिसली ती पहिल्या तासाभरातच.

शिवाय पायपरीन हे साधतं कसं? जोडणी करणाऱ्या एन्झाइमांनाच ते मंद करतं. ती एन्झाइमं, आणि त्यांच्यासोबत पायपरीन ज्यांना अडवतं ती दुसरी काही, फक्त कर्क्युमिनसाठी नसतात. बरीच औषधंही तीच हाताळतात. मावशी हाताच्या कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल घेते. रोज २० मिलिग्रॅम पायपरीन आठवडाभर घेतल्यावर याच औषधाची रक्तातली पातळी चढते, हे माणसांवर तपासलेलं आहे. दम्याचं थिओफिलिन आणि फिट्सचं फेनिटॉइन यांच्याबद्दलही असंच दिसलं. मिऱ्यात पायपरीन साधारण ५ टक्के असतं, म्हणजे २० मिलिग्रॅमला आठ-दहा दाणे. रस्सममधून कधीतरी ते पोटात जाणं वेगळं आणि गोळीतून रोज दोन वेळा जाणं वेगळं. म्हणून मावशीसाठी मी तिसरा पर्याय सरळ बाद केला.

लेसिथिन किंवा तेलकट कणांत बसवलेल्या महाग गोळ्यांबद्दल एकच सांगतो. कर्क्युमिन मोजण्याआधी रक्ताच्या नमुन्यात बऱ्याचदा असं एन्झाइम घालतात की जोडलेलं कर्क्युमिन सुटं होतं. मग आकडा मोठा येतो, पण शरीरात ते बहुतांश जोडलेलंच, मंदावलेलं होतं. विचारायचं असेल तर 'मोकळं कर्क्युमिन किती?' एवढंच विचारा.

इतकं थोडं पोचतं तर गुडघ्याला काहीच होणार नाही का? तसं मी म्हणणार नाही. थायलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांपैकी निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि निम्म्यांना १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन ४ आठवडे दिलं. दुखणं दोन्ही गटांत सारखंच उतरलं, आणि पोटाच्या तक्रारी हळदवाल्यांत कमी होत्या. नुसती साखरेची गोळी घेणारा गट मात्र त्यात नव्हता, त्यामुळे यातलं किती हळदीचं आणि किती काळाचं किंवा विश्वासाचं, ते यातून वेगळं करता येत नाही.

जिथे शोषण लागतच नाही तिथलं चित्र जास्त स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी ७ दिवस रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते नाममात्र होतं, पण मोठ्या आतड्याच्या अस्तरात दर ग्रॅमला सुमारे १२ नॅनोमोल सापडलं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या १० मायक्रोमोलरच्या तोडीचं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारात नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम दिल्यावर आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण घटलं, असं २००६ च्या जपानी चाचणीत दिसलं. तुमचा प्रश्न आतड्याचा असेल तर साध्या गोळीबद्दल पोटाच्या डॉक्टरांशी बोलण्यात जास्त तथ्य आहे.

साध्या गोळीलाही एक धोका आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद आहे, त्यांतल्या ७ जणांत एकच जनुकीय प्रकार आढळला. असं क्वचित होतं, पण लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा भूक गेली तर गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि यकृताची तपासणी करायची.

मावशीने डॉक्टरांना विचारून पायपरीन नसलेला साधा अर्क ४ आठवड्यांसाठी घेतला आहे. रोज संध्याकाळी जिना उतरल्यावर दुखणं दहापैकी किती, ते ती कॅलेंडरवर लिहिते. सुरू करण्याआधीच्या आठवड्याचे आकडेही तिने लिहून ठेवलेत. दोन अंकांनी उतरलं नाही तर गोळी थांबवायची, हे आमचं ठरलं आहे. दूध ती पितेच, चवीसाठी.