मेलच्या मजकुरातला छोटा तक्ता: रकाने जुळवायचे, की ओळीत लिहायचं?

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीतून मालाची गाडी चाकणला निघते. चलन गाडीसोबत जातं आणि तिकडे आधी एक मेल जातो: कोणतं कास्टिंग, किती नग, किती वजन. तीन भाग आणि प्रत्येकाचे तीन आकडे, एवढाच ऐवज. त्यासाठी एक्सेलची फाइल जोडली, तर गेटवर उभा असलेला स्टोअरवाला ती मोबाइलवर उघडत बसत नाही. आकडे मेल उघडताक्षणी दिसायला हवेत. म्हणजे ते मजकुरातच लिहायचे, आणि साध्या मजकुरात, म्हणजे प्लेन टेक्स्टमध्ये, कारण तो कुठेही उघडतो.

पण साध्या मजकुरासोबत फॉन्ट जात नाही. तो वाचणाऱ्याच्या यंत्रावर ठरतो. थंडरबर्ड नावाचं मेल-सॉफ्टवेअर असा मेल मूळ सेटिंगमध्ये समान रुंदीच्या फॉन्टमध्ये दाखवतं, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराला सारखीच जागा. जीमेल ब्राउझरमध्ये तोच मेल एरियलसारख्या फॉन्टमध्ये दाखवतं, जिथे प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. तक्ता कसा मांडायचा, हा निर्णय या एका गोष्टीभोवती फिरतो.

पहिली पद्धत: स्पेस देऊन रकाने जुळवणं

बहुतेकांच्या हाताला हीच पद्धत लागलेली असते.

```
भाग               नग   प्रत्येकी   एकूण
पंप केसिंग          48   12.5     600.0
फ्लायव्हील          30   22.4     672.0
बेअरिंग हाउसिंग     120    6.8     816.0
```

लिहिताना रकाने नीट दिसले, तरी समोर ते तसेच पोचतील याची खात्री नाही. एरियलमध्ये 0 ते 9 हे अंक एकसारख्या रुंदीचे असतात, पण स्पेसची रुंदी अंकाच्या निम्मी असते. त्यामुळे 22.4 च्या खाली 6.8 बसवायला अंकामागे एक स्पेस सोडली, की तो आकडा अर्धा अंक डावीकडे सरकतो. चार-पाच ठिकाणी असं झालं, की रकाना वाकडा होतो.

मराठीत दुखणं याहून खोल आहे. कुरिअर न्यू किंवा कन्सोलास या समान रुंदीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मग विंडोज ती निर्मला यूआयसारख्या दुसऱ्या फॉन्टमधून उचलतं आणि स्पेस मात्र मूळ फॉन्टची राहते. एकाच ओळीत दोन मापं आल्यावर बेरीज जुळणार कशी? थंडरबर्डवर इंग्रजी तक्ता सरळ दिसतो आणि मराठी तक्ता वाकडा, त्यामागचं कारण हेच.

एक्सेलमधून स्पेस मोजून भरली तरी सुटका नाही. पुष्कळजण हे सूत्र वापरतात:

```
=A2&REPT(" ",20-LEN(A2))&B2
```

`LEN` साठी "पंप केसिंग" म्हणजे 10 आणि "फ्लायव्हील" म्हणजेही 10, कारण ते काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडलेल्या अक्षराचं हलंत चिन्ह असं सगळं वेगवेगळं मोजतं. डोळ्याला मात्र पहिल्यात पं, प, मधली स्पेस, के, सिं, ग अशी सहा घरं दिसतात. दुसऱ्यात फ्ला, य, व्ही, ल अशी चारच. दोन्हींपुढे दहा-दहा स्पेस पडतात आणि 48 च्या खाली 30 येत नाही. सूत्र बरोबर आहे, मोजायची वस्तूच चुकीची आहे.

तिसरा घोटाळा मोबाइलवर होतो, आणि तोच सगळ्यांत घातक. उभ्या स्क्रीनवर ओळीत साधारण पस्तीस ते पंचेचाळीस अक्षरं मावतात. त्याहून लांब ओळ अशी मोडते:

```
पंप केसिंग          48   12.5
600.0
फ्लायव्हील          30   22.4
672.0
```

घाईत वाचणारा 600.0 हा आकडा खालच्या फ्लायव्हीलचा समजतो. वाकडा रकाना निदान डोळ्याला खटकतो. इथे सगळं जागच्या जागी वाटतं, म्हणून चूक पकडली जात नाही.

एक्सेलमधून थेट चिकटवल्यावर रकान्यांमध्ये टॅब येतात. टॅब किती रुंद धरायचा हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं ठरवतो, त्यामुळे वरच्या सगळ्या तक्रारी टॅबलाही लागू आहेत.

दुसरी पद्धत: प्रत्येक आकड्याला त्याचं नाव देऊन ओळ लिहिणं

```
पंप केसिंग: 48 नग, प्रत्येकी 12.5 किलो, एकूण 600.0 किलो

फ्लायव्हील: 30 नग, प्रत्येकी 22.4 किलो, एकूण 672.0 किलो

बेअरिंग हाउसिंग: 120 नग, प्रत्येकी 6.8 किलो, एकूण 816.0 किलो

एकूण: 3 भाग, 198 नग, 2088.0 किलो
```

दिसायला हा तक्ता नाही, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कच्चा वाटेल. पण इथे कोणता आकडा कशाचा, हे जागेवर अवलंबून नाही. ओळ कुठेही मोडली तरी "एकूण 600.0 किलो" हे शब्द एकामागून एकच येणार. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला पहिल्या पद्धतीत "अठ्ठेचाळीस, बारा पूर्णांक पाच, सहाशे" एवढंच ऐकू येतं. इथे त्याला पूर्ण वाक्य ऐकू येतं.

मधल्या रिकाम्या ओळी शोभेसाठी नाहीत. आउटलुकमध्ये `Remove extra line breaks in plain text messages` नावाचं सेटिंग मूळचंच चालू असतं. साध्या मजकुरातली एकेरी ओळबदल त्याला अनावश्यक वाटली, की ते दोन ओळी जोडून टाकतं. तीन भागांचा मग एक परिच्छेद होतो. एक अख्खी ओळ रिकामी सोडली, की प्रत्येक नोंद आपला परिच्छेद राखते.

शेवटची बेरीज वगळू नका. भागांची संख्या, नग आणि वजन या तिन्हींची बेरीज दिली, तर उत्तरादाखल मेल फिरताना एखादी ओळ गळाली तरी वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

ही ओळ हातानं लिहायचीही गरज नाही:

```
=A2&": "&B2&" नग, प्रत्येकी "&TEXT(C2,"0.0")&" किलो, एकूण "&TEXT(D2,"0.0")&" किलो"
```

`TEXT` काढलंत तर 600.0 चं नुसतं 600 होतं आणि दशांश कुठे आहे, कुठे नाही, अशी मिसळ दिसते. आणखी एक काळजी: सगळ्या ओळी `CHAR(10)` वापरून एकाच घरात कोंबू नका. असं घर कॉपी करून मेलमध्ये चिकटवलं, की मजकुराच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं येतात. एका नोंदीला एक घर ठेवा आणि रिकामी ओळ मेलमध्ये आल्यावर टाका.

या पद्धतीची मर्यादाही खरी आहे. दहा भागांमधला सर्वांत जड कोणता, हे शोधायला डोळ्याला प्रत्येक ओळ वाचत जावं लागतं. आकडे उभे ताडून पाहायचे असतील तर ती दमवते.

तिसरी पद्धत: आकडे आधी, मराठी नाव शेवटी

आकडे ताडूनच पाहायचे असतील, तर रकान्यांचा क्रम उलटवा आणि मध्ये उभी रेघ द्या.

```
नग | प्रत्येकी किलो | एकूण किलो | भाग

48 | 12.5 | 600.0 | पंप केसिंग

30 | 22.4 | 672.0 | फ्लायव्हील

120 | 6.8 | 816.0 | बेअरिंग हाउसिंग
```

मराठी नाव ओळीच्या शेवटी गेलं, की त्याच्या रुंदीनं कुणालाच ढकललं जात नाही. आकडे थोडे पुढेमागे होतात, पण रेघ असल्यामुळे एक आकडा दुसऱ्यात मिसळत नाही. ओळही आखूड होते, म्हणून मोबाइलवर सहसा मोडत नाही. समोरच्याला हे आकडे एक्सेलमध्ये हवे असतील, तर `Text to Columns` मध्ये `|` दिलं की घरं नीट वेगळी होतात. रेघेऐवजी स्वल्पविराम वापरू नका; 1,24,500 अशी रक्कम आली, की तिचे तीन तुकडे होतील.

अंकाएवढ्या रुंदीची एक खास स्पेस युनिकोडमध्ये आहे, `U+2007`. तिनं आकडे उजवीकडून सरळ बसतात, असा सल्ला कधीकधी दिला जातो. आम्ही तो देणार नाही. ती दिसायला साध्या स्पेससारखीच असते, आणि आकड्यासोबत एक्सेलमध्ये गेली की तो आकडा मजकूर होऊन बसतो, बेरजेत धरला जात नाही.

आणि चौकटीचा तक्ता?

एक्सेलमधून मेलमध्ये चिकटवलेला रेघांचा तक्ता संगणकावर सुरेख दिसतो. अशा मेलसोबत बहुतेक प्रोग्राम एक साधी प्रतही आपोआप बनवून पाठवतात, आणि खोट असते ती तिथे: घरं एकाखाली एक येतात किंवा एकमेकांना चिकटतात. मेल फक्त साध्या मजकुरात वाचणाऱ्याच्या वाट्याला हीच प्रत येते. जीमेलमध्ये पाठवलेल्या मेलवर `Show original` निवडून `text/plain` खालचा भाग पाहिला, की आपली साधी प्रत कशी गेली ते दिसतं. काही वेळा तो भाग सांकेतिक अक्षरांत असतो. तेव्हा मेल थंडरबर्डमध्ये उघडून `Message Body As` खाली `Plain Text` निवडा.

निवड करताना

एका नावापुढे एकच आकडा असेल, तर विचार करायचं कारण नाही. शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्यानं प्रतवार दर कळवायचा झाला, तर "पहिली प्रत: क्विंटलला इतके रुपये" ही ओळ पुरेशी आहे.

दोन ते चार रकाने आणि सहा-सातपर्यंत ओळी असतील, तर दुसरी पद्धत घ्या. माल, पैसे किंवा मापं यांत चूक महागात पडणार असेल, तर ओळी दहा झाल्या तरी तीच धरा. ओळी आठ ते बारा असून वाचणारा त्या एकमेकांशी ताडणार असेल, तर तिसरी. त्यापुढे फाइल जोडा आणि मजकुरात फक्त बेरजा लिहा. पहिली पद्धत एकाच ठिकाणी चालते: सगळा मजकूर इंग्रजीत आहे आणि समोरचा समान रुंदीच्या फॉन्टमध्ये वाचतो, हे पक्कं ठाऊक असेल तेव्हा.

कोणतीही निवडली तरी ओळ साठेक अक्षरांच्या आत ठेवा. ईमेलच्या आरएफसी 5322 या मानकात 78 ची शिफारस आहे, पण प्रत्येक उत्तरागणिक ओळीपुढे `> ` अशी दोन चिन्हं वाढत जातात आणि दोन-तीन फेऱ्यांत ओळ काठाला लागते. कमी भरलेला माल `-3` असा लिहू नका. ओळ नेमकी तिथे मोडली तर वजाचं चिन्ह वरच राहू शकतं. "3 नग कमी" असं लिहा. मजकूर वेगळा करायला `-- ` अशी, म्हणजे दोन डॅश आणि एक स्पेस असलेली ओळ टाकू नका. अनेक प्रोग्राम तिच्याखालचं सगळं सही समजतात: थंडरबर्ड ते फिकट दाखवतं आणि उत्तर देताना गाळून टाकतं, आणि बेरजेची ओळ नेमकी तिथेच असते.